मुदत संपलेल्या पुड्यांबद्दल दुकानदाराला पत्र: बॅच नंबर कसा वापरायचा

प्रश्न: मी सेलूत राहतो. १२ ऑक्टोबरला दिवाळीचं सामान घेताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात डेट गेलेली पाकिटं दिसली. बिस्किटाचे चार पुडे, शेवयांची दोन पाकिटं, हळदीचं एक आणि लहान मुलांच्या नाचणी सत्त्वाची दोन. सगळ्यांचे फोटो काढले, त्यात तारीख आणि बॅच नंबर आहेत. त्यातला एक बिस्किटपुडा आणि एक सत्त्वाचं पाकीट विकत घेतलं, ९५ रुपये फोनवरून दिले. सत्त्वाच्या त्या पाकिटावर तारखेच्या जागी स्टिकर आहे. दुकानदार काका वडिलांच्या ओळखीचे, वीस वर्षांचा व्यवहार. भांडण नको, पण गप्पही बसवत नाही. पत्र कसं लिहू? फोटो सोबत पाठवतो आहे.

उत्तर:

फोटो मोठे करून पाहिले. पत्रात नऊ पाकिटं घालू नका. हळदीचं सोडून द्या, सत्त्वाची दोन वेगळ्या परिच्छेदात घ्या, आणि पत्राचा मुख्य भार बिस्किट आणि शेवयांच्या सहा पाकिटांवर ठेवा. असं का ते सांगतो, मग मसुदाच देतो.

मी अकरा वर्षं लातूरच्या मोंढ्यात एका एजन्सीच्या गोडाऊनवर होतो. बिलिंग माझ्याकडे होतं आणि दुकानांतून परत आलेला माल मोजून घेणंही माझ्याकडेच. त्यानंतर लोकांना अशी पत्रं लिहून देत आलो. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे एक गोष्ट पक्की कळली आहे. ‘तुमच्या दुकानात डेट गेलेला माल आहे’ असं मोघम पत्र दुकानदार खिशात घालतो आणि विसरतो. त्याच पत्रात बॅच नंबर असला की तो उठून फळीकडे जातो, कारण आता त्याला नेमकं काय शोधायचं ते कळलेलं असतं.

पहिला फोटो बिस्किटाचा. पुड्याच्या शिवणीजवळ असं छापलं आहे:

```
PKD 18/02/25
USE BY 17/08/25
B.No. L049C2
```

मुदत १७ ऑगस्टला संपली. तुम्ही फोटो काढला १२ ऑक्टोबरला, म्हणजे ५६ दिवसांनी. चारही पुड्यांवर हेच तीन आकडे आहेत, तेव्हा हे एकाच खोक्यातले असणार. गंमत म्हणून बॅचमधला 049 पाहा. १८ फेब्रुवारी हा वर्षाचा एकोणपन्नासावा दिवस. बऱ्याच कंपन्या उत्पादनाचा दिवस असा मोजून कोडमध्ये टाकतात, आणि इथे तो पॅकिंगच्या तारखेशी जुळतो. यावरून तुमचं वाचन बरोबर असल्याची खात्री पटते, बस. पत्रात हे लिहू नका. प्रत्येक कंपनीची कोड पाडण्याची रीत वेगळी असते आणि तुमचा तर्क चुकला तर काकांना तेवढंच धरून बसता येईल.

दुसरा फोटो शेवयांचा. त्यावर फक्त महिना आणि वर्ष आहे: `PKD 09/24`, खाली `BEST BEFORE 12 MONTHS FROM PKD`, आणि `Batch 17`. तारीख नसून महिना असेल तेव्हा मी महिना संपेपर्यंतची सवलत दुकानदाराला देतो. म्हणजे सप्टेंबर २०२५ अखेर. ती सवलत देऊनही १२ ऑक्टोबरला मुदत गेलेलीच होती, फक्त बारा दिवसांनी.

शेवयांच्या बाबतीत शब्दाकडेही लक्ष द्या. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ आणि ‘बेस्ट बिफोर’ या एकाच अर्थाच्या गोष्टी नाहीत. बेस्ट बिफोर म्हणजे त्या तारखेपर्यंत मालाचा दर्जा उत्तम राहील असं बनवणारा सांगतो. ती उलटली की चव उतरेल, वास लागेल, पण माल खाण्याजोगा असू शकतो. यूज बायची तारीख गेली की माल विकायचाच नाही. २०२० च्या लेबलच्या नियमांनी पाकिटावर यूज बाय किंवा एक्स्पायरी सक्तीची केली आणि बेस्ट बिफोर जोडीला ऐच्छिक ठेवलं. शेवयांवर फक्त बेस्ट बिफोर आहे, ही खोट पाकीट भरणाऱ्याची, काकांची नाही. तुमच्या पत्रात तिला जागा नाही. शेवयांसाठी ‘मुदत उलटलेली’ एवढंच म्हणा. ‘विषारी’, ‘सडका’, ‘लोकांच्या जिवाशी खेळ’ असले शब्द तुम्हाला सिद्ध करता येणार नाहीत आणि काकांना मात्र लागतील.

आता हळद. तुम्हाला तिच्यावर `USE BY 09/25` दिसलं. मला तो शेवटचा आकडा ५ आहे की ६ हे ठरवता आलं नाही. ठिपक्यांनी छापलेल्या आकड्यांत ५ आणि ६, ३ आणि ८, १ आणि ७ नेहमी घोळ करतात, त्यात चकचकीत पाकिटावर दुकानातल्या ट्यूबचा उजेड पडलेला. ९/२६ निघाली तर तुमचं सगळं पत्रच उतावळेपणाचं ठरेल. माझ्याकडून एकदा याहून मोठी चूक झाली होती. ऐन उन्हाळ्यात, एका तालुक्याच्या गावी, फरसाणच्या पाकिटावरची पॅकिंगची तारीख मी एक्स्पायरी समजलो आणि कडक भाषेत पत्र लिहून दिलं. दुकानदारानं ते पाकीट माझ्यासमोर धरलं, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून मी प्रत्येक फोटोतली ओळ आधी कागदावर जशीच्या तशी उतरवतो, मग दुसऱ्या कुणाला तरी नुसता फोटो दाखवून वाचायला लावतो. दोघांचं जुळलं तरच पत्रात. हळदीचं पाकीट दुकानात अजून असेल तर तिरप्या उजेडात पुन्हा फोटो काढा. पाकीट थोडं कलतं धरलं की चकाकी सरकते आणि ठिपके मोकळे होतात.

आणि सत्त्व. हे मला खटकलं. तुमच्या चौथ्या फोटोतल्या पाकिटावर छापील मजकूर असा आहे: `PKD 22/02/25`, `USE BY 21/08/25`, `B.No. NS-07`. पाचव्या फोटोतलं पाकीट तुम्ही विकत घेतलेलं. त्यावरही `PKD 22/02/25` आणि `B.No. NS-07` छापलेलं दिसतं, पण यूज बायच्या ओळीवर पांढरा स्टिकर आहे आणि त्यावर `21/02/26`. बॅच एक, पॅकिंगचा दिवस एक, आणि मुदती दोन. एकाच दिवशी एकाच घाण्यात भरलेल्या मालाचं आयुष्य वेगवेगळं असू शकत नाही. शिवाय पाकिटाच्या मागे ‘पॅकिंगपासून सहा महिन्यांत वापरावे’ असं मराठीत लिहिलेलं आहे. स्टिकर खरा मानला तर ते बारा महिने होतात. बॅच नंबर नसता तर हे आपल्याला कळलंच नसतं. नुसती तारीख पाहणाऱ्याला स्टिकरवालं पाकीट ताजं वाटलं असतं.

पण स्टिकर कुणी लावला हे फोटो सांगत नाही. काकांनी लावला असेल, त्यांना माल देणाऱ्यानं लावला असेल, त्याच्याही वरच्यानं. मोंढ्यात रोखीनं स्वस्तात मिळणारा माल कधी कधी असाच आलेला असतो आणि छोट्या दुकानदारालाही कळत नाही. म्हणून पत्रात आरोप करायचा नाही. जे दिसतं ते लिहायचं आणि माल कुणाकडून आला ते विचारायचं. स्टिकर सोलून खाली काय आहे ते बघण्याचा मोह होईल, तो आवरा. तुमच्या हातानं सोललेला स्टिकर पुरावा म्हणून गेला. पाकीट न फोडता, कोरड्या जागी, कागदी पिशवीत घालून, वर तारीख लिहून ठेवून द्या.

हा माल लहान मुलांचा आहे, म्हणून या एका पाकिटाबाबत काकांच्या उत्तराची वाट पाहू नका. ज्या दिवशी पत्र द्याल त्याच दिवशी सकाळी अन्न व औषध प्रशासनाच्या परभणी कार्यालयात, सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे दोन ओळींची तक्रार द्या, किंवा प्रशासनाच्या `1800222365` या टोल फ्री नंबरवर नोंदवा. स्टिकर खरा की खोटा हे अन्न सुरक्षा अधिकारीच ठरवू शकतो, आणि माल कुठून आला त्याची बिलं मागण्याचा अधिकारही त्याचाच. काकांपासून हे लपवू नका, पत्रात सांगून टाका. मागाहून अधिकारी आला आणि मग कळलं, तर वीस वर्षांचा व्यवहार खरंच तुटेल.

बिस्किट आणि शेवयांचं तसं नाही. तिथे बहुतेक वेळा बदमाशी नसते, फळी असते. सेल्समन नवा माल आणतो, घाईत पुढे लावून जातो, जुना मागे सरकत राहतो. पुढचं गिऱ्हाईक पुढचाच पुडा उचलतं. जुना माल पुढे ओढायला दुकानात दुसरा हात नसतो. आणि मागचा माल सापडला तरी परत घ्यायला कुणी नसतं. आम्ही एजन्सीकडून मुदत गेलेला माल परत घ्यायचो, पण ठरावीक काळात आला तर, पुडे फुटलेले नसले तर, आणि आमच्याच बिलावरचा असला तर. ज्या दुकानदारानं तोच माल मोंढ्यातून रोखीनं उचललेला असायचा, त्याला आम्ही हात जोडायचो. मग तो म्हणायचा, ‘कोणीच वापस घेईना, मी तरी काय करू, फेकू का?’ दहा रुपयांचे चाळीस पुडे म्हणजे चारशे रुपये, आणि किराण्यात नफा किती तोकडा असतो ते मला माहीत आहे. त्याचं दुखणं खरं असतं. पण ते गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालायचं नसतं.

हे सगळं सांगितलं कारण बॅच नंबर काकांच्याही कामाचा आहे. तो हातात असला की त्या खोक्यातले उरलेले पुडे त्यांना दोन मिनिटांत निवडता येतात, आणि एजन्सीच्या माणसाला ‘हा बॅच तुम्ही दिला होता’ असं म्हणता येतं. एजन्सीच्या सगळ्याच बिलांवर बॅच नसतो, पण निदान खोक्यावर असतो. त्यामुळे पत्र मदतीचंही वाटतं.

फोटोंबद्दल दोन गोष्टी. तुम्ही जवळून काढलेले फोटो चांगले आहेत, पण बिस्किटांचे दोन दुरून काढलेलेही आहेत आणि खरं तर तेच जास्त मोलाचे. दुकानदाराचं नेहमीचं उत्तर असतं, ‘ते विकायला नव्हतंच, परतीसाठी बाजूला काढलेलं होतं.’ कधी कधी ते खरंही असतं. परतीचा माल वेगळा, चिठ्ठी लावून ठेवायचा असतो. दुरून काढलेल्या दुसऱ्या फोटोत मात्र ते चार पुडे ताज्या पुड्यांच्या रांगेत, भावाच्या पट्टीच्या वर आहेत. शिवाय त्यातला एक तुम्ही विकत घेतला. तिथे तो बचाव संपतो.

दुसरं, मूळ फोटो फोनमधून हलवू नका, कापू नका, त्यांवर लाल गोल काढू नका. गोल काढायचेच तर प्रतीवर. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि तो कधी काढला याची आतली नोंदही निघून जाते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पत्रात फाइलचं नाव लिहा, म्हणजे कोणता फोटो कशाचा यावर वाद राहत नाही. आणि गल्लीच्या ग्रुपवर हे फोटो टाकू नका. पत्र काका आणि तुमच्यात राहतं. ग्रुपवर टाकलं की बदनामीची गोष्ट होते, मग पुड्याची मुदत बाजूला राहते.

कायद्याचं एकच वाक्य पुरे. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम २७ मध्ये मुदत संपल्यावर विकलेल्या मालाची जबाबदारी विक्रेत्यावर ठेवली आहे, आणि त्याच कायद्यात ‘विक्री’च्या व्याख्येत विक्रीसाठी मांडून ठेवणं आणि विक्रीसाठी जवळ बाळगणंही येतं. म्हणून तुम्ही न घेतलेले, नुसते फळीवर पाहिलेले पुडेही पत्रात चालतात. ग्राहक आयोगाचं गणित वेगळं आहे. तिथे जायचं तर पैसे देऊन घेतलेली वस्तू लागते, म्हणजे तुमची ती दोनच. म्हणूनच पत्रात ‘पाहिलेली’ आणि ‘घेतलेली’ यांची सरमिसळ करू नका.

पैसे मागू नका. बिस्किटाचे दहा रुपये काका स्वतःहून देतील तर घ्या आणि पुडा परत करा, त्याचे फोटो तुमच्याकडे आहेतच. सत्त्वाचे ८५ रुपये सोडून द्या, कारण पैसे घेतले की पाकीट द्यावं लागेल, आणि ते पाकीट अधिकाऱ्याला दाखवायचं आहे. ‘पाच हजार द्या, नाहीतर तक्रार करतो’ असं एक वाक्य जरी लिहिलं किंवा बोललात, तरी खंडणी मागितल्याचा आळ तुमच्यावर येतो. मी असं एक प्रकरण डोळ्यांनी पाहिलं आहे. माल मुदतबाह्य होता यात शंका नव्हती, पण शेवटी हात जोडत फिरला तो गिऱ्हाईकच.

आता मसुदा. बॅच कोड पाकिटावर आहे तसाच, त्याच लिपीत लिहा. L चं ‘एल’ आणि 0 चं ‘ओ’ केलंत तर खोक्यावर शोधताना जुळत नाही. हातानं लिहिणार असाल तर शून्याला तिरपी रेघ द्या.

प्रति,
मालक, (दुकानाचं पूर्ण नाव, पाटीवर आहे तसं)
(पत्ता), सेलू, जि. परभणी
अन्न परवाना क्रमांक: (पाटीवरचा किंवा बिलावरचा चौदा आकडी)

दिनांक: (पत्र देण्याचा दिवस)

विषय: दि. १२/१०/२०२५ रोजी आपल्या दुकानातील फळीवर आढळलेली मुदत उलटलेली पाकिटे

स.न.वि.वि.

काका, आपला आणि आमच्या घराचा अनेक वर्षांचा व्यवहार आहे, म्हणून ही गोष्ट आपल्या कानावर घालतो आहे. रविवार दि. १२/१०/२०२५ रोजी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी आपल्या दुकानात सामान घ्यायला आलो होतो. तेव्हा विक्रीसाठी मांडलेल्या मालात खालील पाकिटे दिसली. पाकिटांवर छापलेले आहे तसेच लिहीत आहे.

ग्लुकोज बिस्किटाचे ४ पुडे, डावीकडील फळी, खालून दुसरा कप्पा. `PKD 18/02/25`, `USE BY 17/08/25`, `B.No. L049C2`. फोटो `IMG_20251012_183407.jpg` आणि पुढचे दोन. यापैकी १ पुडा मी विकत घेतला.

शेवयांची २ पाकिटे, तीच फळी, वरचा कप्पा. `PKD 09/24`, `BEST BEFORE 12 MONTHS FROM PKD`, `Batch 17`. फोटो `IMG_20251012_183615.jpg`. ही मी विकत घेतलेली नाहीत.

याशिवाय लहान मुलांच्या नाचणी सत्त्वाची २ पाकिटे काउंटरमागील फळीवर होती. दोन्हींवर `PKD 22/02/25` आणि `B.No. NS-07` छापलेले आहे. एकावर `USE BY 21/08/25` असे छापील आहे. दुसऱ्यावर त्याच जागी स्टिकर असून त्यावर `21/02/26` आहे. एकाच बॅचच्या दोन मुदती कशा, हे मला समजले नाही. स्टिकर असलेले पाकीट मी विकत घेतले असून ते न फोडता ठेवले आहे. माल मुलांचा असल्यामुळे त्याची माहिती मी आज अन्न व औषध प्रशासनाला दिली आहे. स्टिकर कोणी लावला याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही.

विकत घेतलेल्या दोन वस्तूंचे ९५ रुपये मी दि. १२/१०/२०२५ रोजी फोनवरून दिले. व्यवहार क्रमांक: (फोनमधील नोंदीवरून).

मुदत उलटलेला माल विक्रीसाठी ठेवल्यास अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम २७ नुसार विक्रेत्याची जबाबदारी येते, हे आपल्याला माहीत असेलच.

माझी विनंती अशी. वरील तीनही बॅचचा उरलेला माल फळीवरून काढावा, सत्त्वाची पाकिटे मात्र टाकून न देता अधिकाऱ्यांना दाखवण्यासाठी वेगळी ठेवावीत, आणि हा माल कोणत्या एजन्सीकडून किंवा होलसेलरकडून आला ते बिलासह मला हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी कळवावे. फोटोंच्या छापील प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ फोटो माझ्या फोनमध्ये आहेत, आपल्याला केव्हाही दाखवीन.

आपला,
(नाव, पत्ता, सही)

सोबत: फोटोंच्या प्रती, एकूण (संख्या)

मसुदा इथे संपला. वेळा आणि फाइलची नावं तुमच्या फोटोंतून घेतली आहेत, पण कप्प्यांच्या जागा मी फोटोवरून अंदाजानं लिहिल्या आहेत, त्या तुम्ही तपासा.

पत्राच्या दोन प्रती काढा. संध्याकाळच्या गर्दीत, चार गिऱ्हाइकांसमोर देऊ नका. दुपारी दोन-तीनला, दुकान शांत असताना जा, वडिलांना घेऊन गेलात तरी चालेल. एक प्रत काकांच्या हातात, दुसरीवर ‘प्रत मिळाली’, तारीख आणि सही किंवा दुकानाचा शिक्का. ‘पोच द्या’ म्हटलं की लोक बिचकतात. ‘मला आठवणीसाठी तारीख टाकून द्या’ म्हणा. तरी नाही म्हणाले तर वाद न घालता निघा आणि तीच प्रत पोस्टानं पाठवा. पोस्टात जाऊन ‘रजिस्टर करा’ म्हणालात तर आता स्पीड पोस्टच करून मिळेल, कारण २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट त्यातच मिसळलं आहे. पोहोचल्याची पोच मिळण्याची सेवा मागून घ्या आणि पावती पत्राच्या तुमच्या प्रतीला टाचून ठेवा.

काका बहुधा पहिल्यांदा चिडतील. ‘पुडा तू घरून आणला नसशील कशावरून?’ असंही म्हणतील. त्यावर बोलण्याची गरज नाही. दुरून काढलेल्या फोटोत त्यांची फळी, चार पुडे आणि तोच बॅच आहे. ते ‘एजन्सी वापस घेईना’ म्हणाले तर ते ऐकून घ्या, आणि पत्रातला बॅच नंबर एजन्सीला दाखवायला सांगा. माझ्या अनुभवात गाडी बऱ्याचदा इथूनच रुळावर येते. लेखी उत्तर येत नाही, पण तिसऱ्या दिवशी फळी आवरलेली असते आणि काका म्हणतात, ‘झालं का समाधान?’ बिस्किट आणि शेवयांपुरतं मी ते उत्तर धरतो. तुमच्या प्रतीवर तारीख टाकून लिहून ठेवा: अमुक दिवशी पाहिलं, `L049C2` आणि `Batch 17` फळीवर नाहीत.

सात दिवसांनंतरही तोच बॅच तिथे दिसला तर पुन्हा फोटो काढा, आणि आता दोन्ही तारखांचे फोटो, पत्राची प्रत आणि पोच एकत्र करून सहायक आयुक्तांकडे दुसरी तक्रार द्या. पहिल्या पत्रानंतरही माल हलला नाही, हे तेव्हा वेगळं सांगावं लागत नाही. पैशांबाबत किंवा पुढे आयोगात जायचं की नाही याबाबत सल्ला हवा असेल तर `1915` या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. आयोगात जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा तिथे घाई नाही.

सत्त्वाच्या पाकिटासाठी अधिकाऱ्याचा फोन आला तर पाकीट देताना त्यांच्याकडून लेखी पोच घ्या, त्यात बॅच `NS-07` आणि ‘यूज बायवर स्टिकर असलेले, न फोडलेले’ एवढे शब्द आहेत ना ते पाहा. आणि हळदीचा नवा फोटो निघाला तर मला पाठवा, तो आकडा अजून माझ्या डोक्यातून जात नाही.